शटरं बदलली की तारीखही बदलते

घराच्या अंतर्गत सजावटीचं काम निम्म्यावर आलं, की एक वाक्य हमखास कानावर पडतं : "एवढं करताच आहात, तर तेही करून टाका ना." बोलणारा मनापासून बोलत असतो. समोर सुतार उभे असतात, प्लाय पडलेला असतो, मशीन चालू असतं. मग आणखी दोन फळ्या कापायला असा काय वेळ लागणार? कंत्राटदारही "करू की" म्हणतो, कारण त्या क्षणी नाही म्हणणं जड जातं. नेमकं काय करायचं, त्याचे पैसे किती आणि घर कधी मिळणार, हे तीन प्रश्न त्या "करू की"मध्ये न विचारताच राहतात. भांडण होतं ते शेवटच्या बिलाच्या दिवशी, आणि तोवर दोघांच्याही डोक्यात वेगवेगळे आकडे पक्के झालेले असतात.

हे टाळायचा उपाय एका पानाचा आहे. बदल काय, वाढीव खर्च किती, नवी तारीख कोणती, हे लिहून ग्राहकाला पाठवायचं आणि त्याचा होकार लेखी घ्यायचा. ऐकायला सोपं वाटतं, आणि बरेच कंत्राटदार म्हणतातही की आम्ही व्हॉट्सॲपवर टाकतो सगळं. पण ते टाकलेलं बहुतेक वेळा "लॉफ्ट + ॲक्रिलिक एक्स्ट्रा अंदाजे ८० हजार" एवढंच असतं. या ओळीतून ना हिशोब सिद्ध होतो, ना तारीख. म्हणून एकच उदाहरण घेऊ आणि ते शेवटपर्यंत सोडवू.

ठाण्यात मानपाड्याला एका टॉवरमधला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे असं धरा. काम दोन भागांत आहे : स्वयंपाकघर २,७०,००० रुपयांचं आणि दोन वॉर्डरोब २,१०,००० रुपयांचे. एकूण ४,८०,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,६६,४०० रुपये. काम पूर्ण करून द्यायची तारीख शनिवार, ८ ऑगस्ट २०२६. गणपती १४ सप्टेंबरला आहेत आणि यंदा ते नव्या घरात बसवायचे आहेत, हे ग्राहकाने पहिल्याच दिवशी सांगितलेलं आहे. सोमवार, २० जुलैला घरची मंडळी साइटवर येतात. ओट्याखालचे आणि भिंतीवरचे बॉक्स बसलेले असतात, चार शटरांवर, म्हणजे कपाटांच्या दारांवर, लॅमिनेट चिकटवून झालेलं असतं. बाई म्हणतात, "भिंतीवरच्या कपाटांच्या वर छतापर्यंत मोकळंच राहतंय, तिथे लॉफ्ट करा. आणि शेजारच्यांकडे ॲक्रिलिक शटरं बघितली, आपलीही तशीच करू या."

दोन वाक्यांत दोन बदल आले, आणि दोघांची जात वेगळी आहे. लॉफ्ट हे नवं काम आहे. ते आधी कुठेच नव्हतं. शटरांचा बदल मात्र ठरलेल्या कामाच्या जागी दुसरं काम आणतो, म्हणून त्यात काही पैसे वाढतात, काही कमी होतात आणि काही वाया जातात. हिशोबात या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत.

शटरांचं घेऊ. मूळ कोटेशनमध्ये ५८ चौरस फूट शटरं आहेत, दर ७०० रुपये. त्यात प्लाय, बाहेरचं लॅमिनेट, आतला लायनर आणि मजुरी आली. ॲक्रिलिक शटरचा दर १,२५० रुपये धरला तर ५८ फुटांचे ७२,५०० होतात. इथे घाईने चूक होते ती अशी : कंत्राटदार नुसते ७२,५०० "एक्स्ट्रा" म्हणून लावतो, आणि ग्राहक बरोबर विचारतो की जुन्या शटरांचे पैसे मी आधीच कोटेशनमध्ये मोजलेत, त्यांचं काय? ते वजा झालेच पाहिजेत. पण सगळे नाहीत. चार शटरं, म्हणजे १४ चौरस फूट, तयार झालेली आहेत. त्यांचा प्लाय कापला गेला, लॅमिनेट चिकटलं, मजुरी दिली गेली. म्हणून वजावट फक्त न केलेल्या ४४ फुटांची : ३०,८०० रुपये. उरतात ४१,७०० रुपये. तयार शटरांचे ९,८०० रुपये ग्राहकाकडूनच जातात, आणि म्हणूनच ती चार शटरं ग्राहकाची होतात. त्यांचं काय करायचं तेही लिहावं. बाल्कनीतल्या कपाटाला लागतील, नाहीतर घरीच ठेवावीत. ती गुपचूप टेम्पोत टाकून दुसऱ्या साइटवर नेली, तर "वाया गेलेल्या मालाचे पैसे" या ओळीवर पुन्हा कुणी विश्वास ठेवणार नाही.

लॉफ्टचा हिशोब त्या मानाने सरळ आहे. दहा फूट लांब, दोन फूट उंच, म्हणजे २० चौरस फूट, बॉक्स आणि ॲक्रिलिक शटर मिळून दर १,९०० रुपये, एकूण ३८,०००. हा दर आकाशातून पडलेला नसावा. बॉक्सचे ६५० मूळ कोटेशनमधल्याच दराने धरलेत आणि शटरचे १,२५० वर आलेच आहेत, हे एका ओळीत सांगितलं की घासाघीस निम्मी होते. जी बाब कोटेशनमध्ये आधीच आहे तिला कोटेशनचाच दर लावायचा. नवी बाब असेल तरच नवा दर, आणि मग कोणत्या मालाचा, कोणत्या शेड क्रमांकाचा, चकचकीत की मॅट, हे सोबत हवं. शेड क्रमांकाशिवाय घेतलेला होकार पोकळ असतो. माल आल्यावर "हा पांढरा नव्हता, तो दुधी होता" यावर तोडगा निघत नाही. नमुन्याच्या तुकड्याच्या मागे दोघांनी सही करून तो साइटवरच ठेवला, तर हा वाद उभाच राहत नाही.

तर वाढीव रक्कम ७९,७०० रुपये, त्यावर १८ टक्क्यांनी १४,३४६ जीएसटी, एकूण ९४,०४६. ज्याची जीएसटी नोंदणी नाही त्याने ही कराची ओळ लिहूच नये, त्याला तो वसूल करता येत नाही. आणि ज्याची आहे त्याने "अधिक जीएसटी" एवढ्यावर न थांबता आकडा लिहावा. ग्राहकाच्या डोक्यात ८० हजार बसतात आणि बिल ९४ हजारांचं येतं, तेव्हा चौदा हजार कुणाचे यावरून मन खट्टू होतं, जरी अटीत सगळं लिहिलेलं असलं तरी.

पैशांचा हिशोब बहुतेकांना जमतो. तारखेचा मात्र जमत नाही, कारण तो बहुतेक जण चुकीच्या बाजूने मांडतात. लॉफ्टचे बॉक्स चार दिवसांचं काम, शटरं बसवायला तीन दिवस. म्हणजे सात दिवस वाढवले, १५ ऑगस्टच्या आसपास देऊ, असं सांगून मोकळे होतात. पण ॲक्रिलिक शटर साइटवर बनत नाही. ते कारखान्यात बोर्डावर दाबून, कडेला मशीनने पट्टी लावून तयार होऊन येतं. त्याचं माप बॉक्स बसल्यावर घ्यावं लागतं, कारण भिंत दोन-चार मिलिमीटर तरी वाकडी असतेच आणि चकचकीत शटरांमधली फट वाकडी दिसली की ती लांबूनही दिसते. आणि कारखाना पंधरा कामाचे दिवस मागतो. आपले सुतार त्या पंधरा दिवसांत रिकामे असोत की राबत असोत, शटरं त्याआधी येणार नाहीत. बदलाला किती मजुरी लागते यावरून तारीख काढताच येत नाही; सगळ्यात लांब वाट कोणत्या मालाची पाहावी लागते, त्यावरून ती निघते.

मांडून बघू. होकार शुक्रवार, २४ जुलैपर्यंत आला. सोमवार २७ ते गुरुवार ३० जुलै लॉफ्टचे बॉक्स. शुक्रवारी ३१ ला अंतिम माप. शनिवारी १ ऑगस्टला कारखान्याला ऑर्डर. तिथून पुढे रविवार आणि १५ ऑगस्ट वगळून पंधरा कामाचे दिवस मोजले की गुरुवार, २० ऑगस्ट येतो. शुक्रवारी २१ ला टेम्पो. माल भिवंडीकडून येणार, माजिवड्याची कोंडी आणि सोसायटीच्या मालवाहू लिफ्टची ठरलेली वेळ यांची गाठ घालायची, म्हणून तो दिवस पूर्ण धरायचा. शनिवार २२, सोमवार २४ आणि मंगळवार २५ शटरं बसवणं. मध्ये रविवारी सोसायटीत काम बंद. मग फटी जुळवणं, सिलिकॉन, साफसफाई, आणि एखादं शटर ओरखडा पडलेलं निघालं तर ते बदलायला थोडी मोकळीक. घर द्यायची तारीख शनिवार, २९ ऑगस्ट. म्हणजे वाढीव काम सात दिवसांचं असूनही तारीख तीन आठवडे पुढे गेली. हे ग्राहकाला आपणहून कळणं शक्य नाही. सात दिवसांच्या कामाला तीन आठवडे का, ही शंका रास्तच आहे. तिचं उत्तर कागदावर आधीच असायला हवं.

अजून एक गोष्ट इथेच सुटते. ८ ऑगस्टची तारीख संपूर्ण कामाची होती आणि शेवटचा दहा टक्के हप्ता काम पूर्ण झाल्यावर मिळणार होता. शटरांमुळे स्वयंपाकघर लांबलं, पण वॉर्डरोबचा त्याच्याशी काही संबंध नाही. कागदावर नुसतं "नवी तारीख २९ ऑगस्ट" लिहिलं की वॉर्डरोबही तीन आठवडे लांबवायची मुभा कंत्राटदाराला मिळते, आणि वॉर्डरोबचे २१,००० रुपयेही तीन आठवडे अडकतात. दोघांचंही नुकसान. म्हणून तारीख फोडायची : वॉर्डरोब ठरल्याप्रमाणे ८ ऑगस्टला आणि त्यांचा शेवटचा हप्ता तेव्हाच, स्वयंपाकघर २९ ऑगस्टला आणि त्याचा हप्ता तेव्हा.

हे सगळं घेऊन पत्र कसं दिसेल ते पाहा. ते साइटवरच्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी, २१ जुलैला जायला हवं. आठवड्याने गेलं तर मधल्या काळात सुतारांनी उरलेली शटरंही लॅमिनेट करून टाकलेली असतील आणि हिशोब पुन्हा मांडावा लागेल.

> विषय : बदल क्र. १ – स्वयंपाकघर : लॉफ्ट आणि ॲक्रिलिक शटरं
>
> नमस्कार मॅडम,
>
> काल, २० जुलैला साइटवर आपण सांगितलेले दोन बदल मी असे समजलो आहे :
>
> (अ) भिंतीवरच्या कपाटांच्या वर १० फूट × २ फूट लॉफ्ट, सहा शटरं, आत एक मधली फळी. चिमणीचा पाइप ज्या खणातून जातो त्या खणात सामान ठेवता येणार नाही. (आ) स्वयंपाकघराची सर्व ५८ चौ. फूट शटरं लॅमिनेटऐवजी ॲक्रिलिक, चकचकीत, शेड क्रमांक सोबतच्या नमुन्यावर लिहिल्याप्रमाणे. हँडल आणि बिजागऱ्या मूळ कोटेशनप्रमाणेच.
>
> वाढीव खर्च : लॉफ्ट २० चौ. फूट × १,९०० = ३८,००० रु. ॲक्रिलिक शटरं ५८ × १,२५० = ७२,५०० रु.; यातून न केलेली लॅमिनेट शटरं ४४ × ७०० = ३०,८०० रु. वजा. तयार झालेली चार शटरं (१४ चौ. फूट) वजा केलेली नाहीत, ती आपल्या ताब्यात देऊ. निव्वळ वाढ ७९,७०० रु. + जीएसटी १४,३४६ रु. = ९४,०४६ रु. कामाची नवी एकूण रक्कम जीएसटीसह ६,६०,४४६ रु.
>
> तारीख : वॉर्डरोब पूर्वीप्रमाणे ८ ऑगस्ट, त्यांचा शेवटचा हप्ता तेव्हाच. स्वयंपाकघर ८ ऑगस्टऐवजी २९ ऑगस्ट २०२६. कारण : शटरांचं माप लॉफ्ट बसल्यावर ३१ जुलैला घेता येईल आणि कारखान्याला त्यानंतर १५ कामाचे दिवस लागतात.
>
> यात नाही : गॅसच्या पाइपची हलवाहलव, लॉफ्टखालचे दिवे, छताच्या पीओपीची दुरुस्ती.
>
> पैसे : वाढीव रकमेचे निम्मे, ४७,०२३ रु., होकारासोबत, उरलेले ४७,०२३ रु. स्वयंपाकघर ताब्यात देताना.
>
> वरचा दर आणि तारीख शुक्रवार, २४ जुलै, संध्याकाळी ६ वाजेपर्यंत होकार आणि रक्कम आल्यास लागू. तोपर्यंत उरलेल्या शटरांचं काम थांबवलं आहे. बाकी काम चालू आहे. २४ तारखेपर्यंत होकार न आल्यास लॅमिनेट शटरांचं मूळ काम पुढे सुरू करू; या थांबण्यामुळे मूळ ८ ऑगस्टच्या तारखेत फरक पडणार नाही.
>
> मान्य असल्यास कृपया "बदल क्र. १, ९४,०४६ रु. आणि २९ ऑगस्ट मान्य" असं उत्तर द्यावं.

पत्रातल्या काही ओळी वरवर जादा वाटतील. "यात नाही" ही ओळ घ्या. ठाण्यात पाइपचा गॅस महानगर गॅसचा. ती पाइप बंद कपाटात कोंडू नये आणि हलवायची असेल तर ते काम त्यांच्याकडूनच करून घ्यावं लागतं. लॉफ्ट नेमका तिथे येत असेल तर हा खर्च आणि ही वाट कंत्राटदाराच्या हातात नाही, आणि ते आधी लिहिलं नाही तर नंतर दोन्ही त्याच्याच अंगावर येतं. लॉफ्ट झाला की खालच्या ओट्यावर सावली पडते आणि दिवे हवेसे वाटतात, हे कामातल्या माणसाला ठाऊक असतं. ते ग्राहकाला तेव्हाच सांगणं हा प्रामाणिकपणा, आणि "यात नाही" म्हणून लिहिणं हा व्यवहार.

थांबण्याची ओळही तशीच. बदल सुचवला गेला आणि होकार यायचा आहे, या मधल्या दिवसांत काय चालू आणि काय बंद हे न लिहिलेलं पत्र अर्धवट आहे. सुतार काम करत राहिला तर वाया जाणारा माल वाढतो. सगळंच बंद केलं तर मूळ तारीख कारणाशिवाय घसरते. इथे तीन-चार दिवस थांबणं मूळ वेळापत्रकात मावतं, म्हणून "फरक पडणार नाही" असं लिहिता आलं. मावत नसेल तर तेही स्पष्ट लिहावं : थांबलेल्या प्रत्येक दिवसाला मूळ तारीख एका दिवसाने पुढे.

आणि मुदतीची ओळ. ती दबाव आणायला लिहिलेली वाटू नये म्हणून तिचं कारण तोंडी समजावून सांगावं. होकार २४ ऐवजी ३१ जुलैला आला तर स्वयंपाकघर ५ सप्टेंबरला मिळेल. ७ ऑगस्टला आला तर १२ सप्टेंबरच्या आसपास, म्हणजे गणपतीच्या दोन दिवस आधी. त्या आठवड्यात फिटर कोकणातला असेल तर तो गावी निघालेला असतो, आणि मालवाहू लिफ्टमध्ये मखरं नि मंडपाचं सामान असतं. त्या तारखेला कंत्राटदाराने "गणपतीच्या आधी देतो" असा शब्द देणं म्हणजे न झेपणारं वचन. पत्रात "गणपतीपूर्वी" असं लिहूच नये. तारीख लिहावी, वारासकट.

आता होकाराबद्दल. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये नवरा, बायको, सासरे आणि इंटिरियरवाली मैत्रीण असे चौघं असतात. पत्राखाली एक अंगठा दिसतो. तो कुणाचा, आणि पत्राला की त्याच्या आधीच्या फोटोला? म्हणून काम सुरू होतानाच विचारून घ्यावं की पैशांच्या आणि तारखेच्या बदलाला होकार कोण देणार, आणि पत्र त्या व्यक्तीला वेगळं, ईमेलवर किंवा पीडीएफ करून पाठवावं. ग्रुपमध्ये त्याची प्रत टाकायला हरकत नाही. व्हॉट्सॲपवरचा संदेश पाठवल्यानंतर पंधरा मिनिटं बदलता येतो आणि सगळ्यांसाठी पुसताही येतो. आपोआप नाहीसे होणारे संदेश चालू असतील तर काही काळाने होकारच सापडत नाही. पीडीएफ निदान जिथे उतरवून ठेवली तिथे राहते. उत्तरात बदलाचा क्रमांक, रक्कम आणि तारीख या तिन्ही गोष्टी मागायचं कारण एवढंच, की नुसतं "ओके" कशाला होतं हे नंतर कुणी विचारू नये.

ग्राहक व्हॉइस नोट पाठवतो तेव्हा तीही चालेल, पण तिच्यावर थांबू नये. "तुमच्या आत्ताच्या निरोपावरून बदल क्र. १ ची रक्कम आणि २९ ऑगस्ट मान्य असं धरतो, काही वेगळं असेल तर आज कळवा" असं लगेच लिहून टाकावं. हाच उपाय "पैशांचं नंतर बघू, तुम्ही सुरू करा" म्हणणाऱ्यांसाठी. तिथे भांडायची गरज नसते; "कारखाना ॲडव्हान्सशिवाय ऑर्डर लावत नाही, रक्कम आली की त्याच दिवशी लावतो" हे खरं कारण पुरतं. कंत्राटदाराने स्वतःच्या खिशातून ऑर्डर लावली तर लॉफ्टसकट ७८ फूट ठरावीक मापाची, ठरावीक शेडची शटरं घेऊन तो बसतो, आणि ती दुसऱ्या कुठल्याही घरात बसत नाहीत.

घासाघीस व्हायचीच. "नव्वदमध्ये करा" असं म्हणाले आणि कबूल केलं, तर ते चॅटमध्ये सोडू नये. पत्र सुधारून पुन्हा पाठवावं, "बदल क्र. १, सुधारित", आणि जुनं रद्द असं त्यात लिहावं. नव्वद जीएसटीसह की जीएसटीशिवाय, हा प्रश्न त्याच क्षणी सुटतो. सूट द्यायची तर ती वेगळी ओळ करून द्यावी. दर खाली आणून दिली की पुढच्या बदलाला तोच खालचा दर मागितला जातो. आणि या पत्रात थकलेल्या जुन्या हप्त्याची आठवण घुसडू नये. होकार मागणाऱ्या कागदावर तगादा आला की माणूस दोन्हींचं उत्तर लांबवतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम ६२ सांगतं की दोन्ही पक्षांनी मिळून करार बदलला, तर मूळ करार पाळायची गरज उरत नाही. एकट्याने कळवून तो बदलत नाही. कलम ६३ नुसार काम करून घेणारा मुदत वाढवून देऊ शकतो. ईमेल किंवा संदेशावर झालेला करार केवळ तो इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून नाकारता येत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ मध्ये आहे. मात्र कोर्टात तो पुरावा म्हणून मांडायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यामुळे मूळ फोन आणि मूळ संदेश जपून ठेवलेले बरे. नुसते स्क्रीनशॉट कमी पडतात. अर्थात चौऱ्याण्णव हजारांसाठी ठाण्याच्या कोर्टाच्या पायऱ्या चढायची वेळ सहसा कुणी आणत नाही. या कागदाचा खरा उपयोग शेवटच्या बिलाच्या टेबलावर होतो, जिथे दोघंही तोच आकडा बघत असतात.

त्या बिलात बदल वेगळे दिसले पाहिजेत. मूळ काम ४,८०,०००, बदल क्र. १ चे ७९,७००, मग एकूण, मग कर. सगळं एकत्र करून ५,५९,७०० लिहिलं की ग्राहक मूळ कोटेशन काढून ताडून बघतो आणि प्रत्येक ओळीवर प्रश्न येतो. बदल तीन-चार झाले तर प्रत्येक पत्रात आत्तापर्यंतची एकूण रक्कम आणि सध्याची तारीख पुन्हा लिहायची. एकेक बदल छोटा असतो आणि बेरीज कुणी ठेवलेली नसते, चौथ्या बदलाला ग्राहक म्हणतो, "अहो, साडेसहा लाख कधी झाले?"

पैसे न वाढवणारे बदलही याच क्रमात टाकावेत. हँडल काळ्याऐवजी स्टीलचे, त्याच किमतीत. ताटांचा स्टँड डावीकडून उजवीकडे. "बदल क्र. २, वाढीव खर्च शून्य, तारीख २९ ऑगस्टच" एवढी एक ओळ आणि त्याखाली होकार. ताटांचा स्टँड सरकला की खणांची मापं बदलतात, आणि १ ऑगस्टला कारखान्याला जाणाऱ्या मापाच्या कागदावर ती नवी मापं नसतील, तर २१ ऑगस्टला दोन शटरं चुकीच्या रुंदीची येतील आणि तीच पुन्हा पंधरा दिवसांच्या रांगेत लागतील.